तीन नाणी, आठ शक्यता आणि एक फसवी पैज : रँडम व्हेरिएबल समजून घेऊ या

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना जमलं तर खिशातली तीन नाणी आणि एक कागद जवळ ठेवा.)



आज एका पैजेपासून सुरुवात करू. समजा, तुमचा एक मित्र म्हणतो, "चल, तीन नाणी उडवू. तिन्ही नाण्यांवर एकच बाजू आली, म्हणजे तिन्ही छापा किंवा तिन्ही काटा, तर मी तुला २० रुपये देतो. नाही आली तर तू मला फक्त १० रुपये द्यायचे." खेळायचं का?

तुम्ही जरा विचारात पडलात, तर तो लगेच हिशोबही मांडतो. "हे बघ, तीन नाणी आहेत आणि बाजू दोनच. म्हणजे निदान दोन नाण्यांवर तरी सारखी बाजू येणारच. बरोबर? आता उरलं तिसरं नाणं. ते एक तर त्या दोघांसारखं पडेल, नाही तर वेगळं. म्हणजे फिफ्टी-फिफ्टी. तुझी जिंकायची शक्यता अर्धी, आणि जिंकलास तर दुप्पट पैसे. यात तुझाच फायदा आहे की!"

ऐकायला पटतं ना? हा युक्तिवाद जुना आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश अभ्यासकाने १८९४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तीन नाण्यांचं अगदी हेच कोडं मांडलं होतं. त्याला माहीत होतं की हा हिशोब चुकीचा आहे. गंमत अशी की तो चुकीचा आहे हे कळलं, तरी नेमका कुठे चुकला हे पटकन सांगता येत नाही.

आज आपण ते सांगू शकू. त्यासाठी दोन गोष्टी लागतील. एक, रँडम व्हेरिएबल म्हणजे काय. दुसरी, त्याचं मास फंक्शन कसं लिहायचं. मराठीत पहिल्याला ‘यादृच्छिक चल’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘वस्तुमान फल’ म्हणता येईल. नावं जड आहेत, पण काम तीन नाण्यांत उरकतं.

आधी आठ ओळी लिहू

आपण तीन वेगवेगळी नाणी घेऊ. एक रुपयाचं, दोन रुपयांचं आणि पाच रुपयांचं. वेगवेगळी का घ्यायची, ते पुढे कळेल. सिंह असलेली बाजू म्हणजे छापा, तिच्यासाठी ‘छ’ लिहू. रुपयांचा आकडा असलेली बाजू म्हणजे काटा, तिच्यासाठी ‘का’ लिहू. क्रम ठरवून टाकू : आधी एक रुपया, मग दोन रुपये, मग पाच रुपये.

पहिल्या नाण्याच्या दोन शक्यता. त्या प्रत्येकीबरोबर दुसऱ्याच्या दोन, म्हणजे चार झाल्या. त्या चारांपैकी प्रत्येकीबरोबर तिसऱ्याच्या दोन, म्हणजे आठ. आता कागदावर उतरवा :

छछछ
छछका
छकाछ
काछछ
छकाका
काछका
काकाछ
काकाका

(हो, शेवटची ओळ वाचताना काका आठवतात. हसून घ्या, पण ती विसरू नका. यादी करताना टोकाच्या ओळीच जास्त सुटतात.)

दहावीच्या पुस्तकात या यादीला ‘नमुना अवकाश’ म्हटलं आहे, आणि यातल्या प्रत्येक ओळीला ‘निष्पत्ती’. नाणी नीट असतील, कुठलीच बाजू जड नसेल आणि एका नाण्याचा दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तर या आठही ओळी सारख्याच शक्यतेच्या आहेत. प्रत्येकीची संभाव्यता १/८.

आता एक गोष्ट मनात पक्की करा. ‘छछका’ ही संख्या नाही. ती फक्त काय घडलं त्याची नोंद आहे. तिची बेरीज करता येत नाही, सरासरी काढता येत नाही. आणि मित्राला तर पैसे मोजायचेत! तेव्हा या नोंदींपासून संख्येपर्यंत जायला एक पूल लागतो.

तो पूल म्हणजे रँडम व्हेरिएबल

समजा मी एक नियम केला : ओळ बघायची, तिच्यातले छापे मोजायचे आणि ती संख्या सांगायची. या नियमाला नाव देऊ X. मग,

छछछ → ३
छछका → २
छकाछ → २
काछछ → २
छकाका → १
काछका → १
काकाछ → १
काकाका → ०

झालं. हाच रँडम व्हेरिएबल. प्रत्येक निष्पत्तीला एक आणि एकच संख्या जोडून देणारा नियम.

आता नावाकडे बघा. ‘रँडम’ म्हणजे काय येईल ते सांगता न येणारं, आणि ‘व्हेरिएबल’ म्हणजे बदलणारं. पण वरच्या यादीत यातलं काय आहे? ‘छकाछ’ला X नेहमी २ च देणार. आज, उद्या, पुण्यात, पणजीत, कधीही आणि कुठेही २ च. नियमात अनिश्चित असं काही नाही. अनिश्चितता आहे ती नाण्यांत. आठपैकी कुठली ओळ पडेल हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून X ची कुठली किंमत मिळेल हेही आधी माहीत नसतं. नाणी उडवायच्या आधीच नियम पूर्ण लिहून तयार असतो. नाणी फक्त कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते ठरवतात.

म्हणून वहीत ‘X = छाप्यांची संख्या’ असं लिहिलं की मनात ही आठ बाणांची यादी दिसली पाहिजे. शाळेच्या बीजगणितात x ही एक अज्ञात संख्या असायची आणि समीकरण सोडवून ती शोधायची. इथे X मध्ये शोधायला काही लपलेलं नाही.

आणि नियम एकच असतो असंही नाही. त्याच आठ ओळींवर दुसरा नियम लावता येतो. उदाहरणार्थ, काटे मोजा. किंवा थेट पैजेचे पैसे लिहा : तिन्ही सारखी असतील तर २०, नाही तर उणे १०. हाही रँडम व्हेरिएबलच. त्याला W म्हणू. छछछ आणि काकाका या दोन ओळींना W देतो २०, बाकीच्या सहा ओळींना देतो −१०. नाणी तीच, ओळी त्याच, पण प्रश्न वेगळा. म्हणून नियमही वेगळा.

आता वजन वाटू : मास फंक्शन

मास म्हणजे वस्तुमान. इथे हा शब्द कसा आला ते चित्र डोळ्यांसमोर आणा. एक किलो साखर आहे. तिच्या सारख्या आठ पुड्या बांधल्या, प्रत्येकी १२५ ग्रॅमची. आठ ओळींवर एकेक पुडी ठेवली. ही झाली निष्पत्तींची संभाव्यता. एकूण वजन १, प्रत्येकीचं १/८.

आता टेबलावर चार वाट्या मांडा आणि त्यांच्यावर ०, १, २, ३ असे आकडे लिहा. X हा नियम सांगतो, कुठली पुडी कुठल्या वाटीत टाकायची. काकाकाची पुडी ० च्या वाटीत. छकाका, काछका, काकाछ या तीन पुड्या १ च्या वाटीत. छछका, छकाछ, काछछ या तीन २ च्या वाटीत. आणि छछछची एकटी पुडी ३ च्या वाटीत.

आता वाट्यांचं वजन करा :

P(X = ०) = १/८
P(X = १) = ३/८
P(X = २) = ३/८
P(X = ३) = १/८

ही झाली X च्या मास फंक्शनची यादी. कुठल्या किमतीवर किती वजन जमलं, एवढंच ते सांगतं.

P(X = २) हे वाचायचं कसं? बरेच जण ‘पी ऑफ एक्स इज इक्वल टू टू’ असं भरभर म्हणून पुढे जातात. त्याऐवजी असं वाचा : "ज्या ओळींना X ने २ दिले, त्या सगळ्या ओळींची मिळून संभाव्यता." म्हणजे ‘X = २’ ही घटना आहे, तीन ओळींचा एक गट आहे. आधी गट शोधायचा, मग त्याचं वजन करायचं.

मोठा X आणि छोटा x यांचाही गोंधळ होतो. मोठा X म्हणजे नियम. छोटा x म्हणजे वाटीवरचा आकडा, ०, १, २ किंवा ३. म्हणून P(X = x) याचा अर्थ ‘नियमाने x हा आकडा देण्याची संभाव्यता’. लिहिताना दोन्ही सारख्याच आकाराचे काढले, तर दोन ओळींनंतर आपलंच लिहिलेलं आपल्याला कळत नाही.

चार ओळींऐवजी एका ओळीतही लिहिता येतं. तीन जागांपैकी x जागा छाप्यासाठी निवडायच्या. x = ० असेल तर एकच रीत, x = १ ला तीन, x = २ ला तीन, x = ३ ला एक. ही निवडीची संख्या C(3, x) अशी लिहितात. मग,

p(x) = C(3, x) / 8, जेव्हा x = 0, 1, 2, 3
p(x) = 0, इतर कुठल्याही x साठी

ती दुसरी ओळ शोभेची नाही बरं का. p(2.5) किती, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे शून्य. अडीच छापे कधीच येत नाहीत, त्या आकड्याच्या वाटीत एकही पुडी पडत नाही. ती ओळ लिहिली की फंक्शन पूर्ण होतं. नाही लिहिली तर ‘इतर ठिकाणी काय?’ हा प्रश्न लोंबकळत राहतो. परीक्षेत निदान ‘x = 0, 1, 2, 3’ तरी लिहाच.

‘चार किमती, म्हणून प्रत्येकी पाव’

आता सगळ्यात नेहमीच्या चुकीकडे येऊ. छाप्यांची संख्या ०, १, २ किंवा ३. म्हणजे चार किमती. मग प्रत्येकीची संभाव्यता १/४. असं लिहून मोकळं होणारे खूप असतात.

ही चूक पकडायची कशी? नेहमीची तपासणी लावून बघू. मास फंक्शनला दोन अटी पाळाव्या लागतात. एक, कुठलीही किंमत उणे असता कामा नये, कारण वजन उणे नसतं. दुसरी, सगळ्यांची बेरीज नेमकी १ यायला हवी, कारण आठही पुड्या कुठल्या ना कुठल्या वाटीत पडल्याच पाहिजेत. आपल्या खऱ्या उत्तराची बेरीज : १/८ + ३/८ + ३/८ + १/८ = ८/८. पास.

आता चुकीच्या उत्तराची : १/४ + १/४ + १/४ + १/४ = १. तेही पास!

म्हणजे बेरीज १ आली नाही तर उत्तर नक्की चुकलंय. पण बेरीज १ आली म्हणून उत्तर बरोबर असेलच असं नाही. बेरीज एवढंच सांगते की साखर सांडली नाही. ती बरोबर वाटीत पडली का, हे बेरीज सांगत नाही. त्यासाठी पुन्हा आठ ओळींकडे जावं लागतं. समान शक्यता ओळींची आहे, वाट्यांची नाही. २ च्या वाटीत तीन ओळी येतात, ३ च्या वाटीत एकच.

इथे कोणी म्हणेल, "पण तिन्ही नाणी अगदी सारखी घेतली तर? एक-एक रुपयाची तीन. मग छछका आणि छकाछ यांत फरकच दिसणार नाही. मग तर शक्यता चारच?" यासाठीच आपण वेगळी नाणी घेतली. समजा, तुम्ही १, २ आणि ५ रुपयांची नाणी उडवताय आणि मी दूर बसलोय. मला आकडे दिसत नाहीत, फक्त किती छापे आले ते कळतं. मला फरक दिसत नाही म्हणून टेबलावरची नाणी वेगळी पडायला लागतील का? नाही ना! सारखी नाणीही तीनच वस्तू आहेत आणि प्रत्येक आपापली पडते. बघणाऱ्याला ओळखू येत नाही म्हणून आठाच्या चार होत नाहीत.

पटत नसेल तर करून बघा. तीन नाणी ८० वेळा उडवा आणि दर वेळी छापे किती आले तेवढंच टिपा. सगळ्यांची पाव-पाव शक्यता असती, तर प्रत्येक आकडा साधारण २० वेळा यायला हवा. आपल्या मास फंक्शनप्रमाणे ०, १, २, ३ हे आकडे साधारण १०, ३०, ३० आणि १० वेळा यायला हवेत. नेमके तेवढेच येणार नाहीत. १० च्या जागी ७ आले किंवा १३ आले तर त्यात काही वावगं नाही. पण ‘तीन छापे’ २० वेळा येणं फारच विरळा. मधले दोन ढीग मोठे आणि टोकाचे दोन लहान, हा आकार डोळ्यांना स्पष्ट दिसेल.

मित्राचा हिशोब कुठे चुकला?

आता पैजेकडे वळू. W चं मास फंक्शन लिहायला आता एक मिनिटही लागणार नाही. W = २० या वाटीत दोन पुड्या, छछछ आणि काकाका. W = −१० या वाटीत उरलेल्या सहा.

P(W = २०) = २/८ = १/४
P(W = −१०) = ६/८ = ३/४

(किंमत उणे असू शकते, −१० ही चालते. उणे असता कामा नये ते वजन. हे दोन्ही एकमेकांत मिसळू नका.)

म्हणजे जिंकायची शक्यता अर्धी नव्हतीच, पाव होती. ८० डाव खेळलात तर साधारण २० डाव तुम्ही जिंकाल आणि ४०० रुपये मिळतील. साधारण ६० डाव हराल आणि ६०० रुपये जातील. एकूण सुमारे २०० रुपयांचा फटका, डावामागे अडीच रुपये. पैज बरोबरीची व्हायची असेल, तर जिंकल्यावर २० नाही, ३० रुपये मिळायला हवेत.

पण मग "दोन सारखी असणारच, तिसऱ्याचं फिफ्टी-फिफ्टी" यात खोट कुठे आहे? पहिला भाग खरा आहे. आठही ओळी तपासा, प्रत्येकीत निदान दोन अक्षरं सारखी आहेत. खोट आहे ‘तिसरं नाणं’ या शब्दात. ते तिसरं नाणं कुठलं?

समजा आपण आधीच ठरवलं की तिसरं नाणं म्हणजे पाच रुपयांचं. मग एक आणि दोन रुपयांची नाणी सारखी पडली, अशा ओळी किती? छछछ, छछका, काकाछ, काकाका. चार. त्यांतल्या दोन ओळींत पाचाचं नाणंही तसंच आहे. म्हणजे या चार ओळींपुरतं फिफ्टी-फिफ्टी अगदी बरोबर! पण उरलेल्या चार ओळींत एक आणि दोन रुपयांची नाणी सारखी पडलेलीच नाहीत. तिथे तुम्ही आधीच हरलात, पाचाचं नाणं कसंही पडो. म्हणून आठपैकी दोनच.

मित्राने मात्र असं आधी ठरवलं नाही. त्याने नाणी पडल्यावर बघितलं, सारखी दोन बाजूला काढली आणि जे उरलं त्याला ‘तिसरं’ म्हटलं. छकाछ पडलं तर एक रुपया आणि पाच रुपये ही जोडी, उरलं दोन रुपयांचं. पण ते उरलंच मुळी वेगळं आहे म्हणून! सहा मिश्र ओळींपैकी प्रत्येकीत उरणारं नाणं वेगळंच असतं, कारण आपण ते तसंच निवडतो. पडल्यावर निवडलेल्या नाण्याला छापा-काट्याची अर्धी-अर्धी शक्यता लावता येत नाही.

आणि इथेच रँडम व्हेरिएबलची शिस्त कामाला येते. नियम आधी लिहायचा, प्रत्येक ओळीसाठी लिहायचा, मग वजन मोजायचं. ‘तिसरं नाणं’ हा शब्द मधल्यामध्ये अर्थ बदलायला बघतो, पण आठ बाणांच्या यादीत त्याला तशी जागाच मिळत नाही.

नियम वेगळा, वजन सारखं

आता थोडी गंमत. काट्यांची संख्या मोजणारा नियम घेऊ, त्याला Y म्हणू. छछछला Y = ०, छछकाला १, काकाकाला ३. Y चं मास फंक्शन काढा बघू. भाग पॉज करा आणि खरंच काढा.

आलं? ०, १, २, ३ या किमतींवर १/८, ३/८, ३/८, १/८. म्हणजे X चं होतं तेच, हुबेहूब.

मग X आणि Y एकच का? आठ ओळींपैकी अशी एक तरी ओळ शोधा, जिथे छापे आणि काटे सारखे आहेत. सापडणार नाही. नाणी तीन आहेत आणि तीनचे दोन सारखे भाग होत नाहीत. X आणि Y एकाही ओळीवर सारखे नाहीत, तरीही दोघांचं मास फंक्शन एकच! वाट्यांची वजनं सारखी आहेत, पण त्यांत पडलेल्या पुड्या वेगळ्या आहेत. म्हणून ‘मास फंक्शन म्हणजेच रँडम व्हेरिएबल’ असं म्हणता येत नाही. मास फंक्शन फक्त कुठल्या वाटीत किती वजन आहे ते सांगतं. कुठली पुडी कुठे गेली, ते त्यात उरत नाही.

आणि याच्या उलट? नियम तोच, पण नाणी बदला. समजा तिन्ही नाणी अशी आहेत की छापा यायची संभाव्यता ०.६ आणि काट्याची ०.४. X हा नियम जसाच्या तसा राहतो, छकाछला अजूनही २ च. पण आता पुड्या सारख्या वजनाच्या नाहीत. छछकाचं वजन ०.६ × ०.६ × ०.४ = ०.१४४. छकाछ आणि काछछ यांचंही तेवढंच. म्हणून P(X = २) = ३ × ०.१४४ = ०.४३२. याच रीतीने बाकीचे काढले की :

P(X = ०) = ०.०६४
P(X = १) = ०.२८८
P(X = २) = ०.४३२
P(X = ३) = ०.२१६

बेरीज करून बघा, १ येते. पण आता आठने भागणारं आपलं सूत्र इथे चालणार नाही. ते फक्त सारख्या वजनाच्या पुड्यांसाठी होतं. ‘आठपैकी तीन’ असं मोजणं आणि ‘तीन ओळींची वजनं मिळवणं’ यांत फरक आहे. नीट नाण्यांसाठी दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून तो फरक लक्षात येत नाही. दुसरी रीत धरा, ती दोन्हीकडे चालते.

जाता जाता एक गणित

तीच तीन नीट नाणी, एक नवीन नियम. ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची आणि बाजू किती वेळा बदलली ते मोजायचं. छछकामध्ये एकदा बदलली, छकाछमध्ये दोनदा, छछछमध्ये एकदाही नाही. या नियमाला Z म्हणा.

आधी आठ बाण लिहा. मग किती वाट्या लागतात ते ठरवा. मग पुड्या टाका आणि वजन करा. शेवटी ‘इतर ठिकाणी शून्य’ लिहायला विसरू नका. उत्तर तपासायला खूण देतो : मधल्या वाटीत निम्मी साखर यायला हवी, आणि Z = ० ची संभाव्यता आपल्याला आज पैजेत आधीच भेटली आहे. ती का भेटली, हे एका वाक्यात सांगता आलं की हा भाग समजला.

उत्तरं कमेंटमध्ये टाका, पण नुसते अपूर्णांक नकोत, आठ बाणांसकट टाका. पुढच्या भागात मास फंक्शनवरून सरासरी कशी काढायची ते बघू. डावामागे अडीच रुपये जातात हे आज आपण ८० डाव मोजून काढलं, ते तेव्हा एका ओळीत निघेल.

तोपर्यंत, भेटू!